कोचच्या रेकॉर्ड केलेल्या मुलाखतीतून वाचनीय प्रश्नोत्तरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतल्या मैदानांवर जाऊन मी कोचच्या मुलाखती घेते आणि त्या प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिते. हे काम नव्याने करू लागलेले बरेच जण मला प्रश्न पाठवतात, आणि फिरून फिरून तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उदाहरणं मुख्यतः एकाच मुलाखतीतली आहेत. ठाण्यातल्या एका खो-खो कोचशी सकाळी सहाच्या सरावाच्या वेळी मी बोलले होते. रेकॉर्डिंग ६२ मिनिटांचं होतं आणि छापून आलेला मजकूर साधारण १,२०० शब्दांचा. सरांचं आणि मुलांचं नाव इथे घेतलेलं नाही.

१. रेकॉर्डिंग सगळं उतरवून काढायचं, की हवं तेवढंच?

पहिल्या पाच-सहा मुलाखती तरी सगळ्या उतरवा. ६२ मिनिटांना मला साडेचार तास लागले आणि कागदावर जवळपास सात हजार शब्द आले. एवढा वेळ कशाला, असं वाटतं. पण कोच माणसं महत्त्वाची गोष्ट बहुतेक वेळा भलत्याच प्रश्नाच्या उत्तरात सांगून जातात. मी या सरांना मैदानाच्या भाड्याबद्दल विचारलं होतं. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की पावसाळ्यात मैदान बंद असलं की ते मुलांना सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांबाभोवती वळायला लावतात. मुलाखतीतला सगळ्यात चांगला परिच्छेद तोच झाला. हवं तेवढंच उतरवलं असतं, तर तो माझ्या हातून गेला असता.

उतरवताना दर दोन-तीन मिनिटांनी वेळ टाका, म्हणजे [२३:१०] असं. पुढे शंका आली की नेमक्या जागी परत जाऊन ऐकता येतं. ऐकू न आलेल्या जागी अंदाजाने शब्द भरू नका, प्रश्नचिन्ह ठेवा.

२. मैदानावर एवढा गोंगाट असतो की निम्मं ऐकूच येत नाही. काय करू?

फोन बाकावर ठेवू नका. कॉलरला लावायचा छोटा माइक सरांच्या शर्टाला लावा, आणि शिट्टीची दोरी त्यावर घासणार नाही अशा बाजूला लावा. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर मध्येच फोन आला की रेकॉर्डिंग थांबतं आणि आपल्याला कळतही नाही. मैदान सोडण्याआधी सुरुवातीचं, मधलं आणि शेवटचं अर्धं-अर्धं मिनिट ऐकून बघा. बिघडलं असेल तर सर अजून समोरच असतात.

३. सात हजार शब्दांतले बाराशेच ठेवायचे, तर निवड कशी करायची?

मी उतरवलेला मजकूर छापून घेते आणि तीन रंगांनी खुणा करते. फक्त हाच माणूस सांगू शकेल असं जे आहे त्याला हिरवा रंग. कोणत्याही कोचच्या तोंडी चालेल त्याला लाल. नीट समजलेलं नाही, विचारून घ्यायचं आहे, त्याला पिवळा.

लालमध्ये काय जातं ते ऐका: ‘मेहनतीला पर्याय नाही’, ‘आजची मुलं मोबाइलमध्ये असतात’, ‘शिस्त हवीच’. सर हे मनापासूनच बोलतात, पण वाचकाने ते पन्नास मुलाखतींत वाचलेलं असतं. मात्र लाल वाक्याच्या मागे-पुढे बघा, तिथे बऱ्याचदा हिरवं दडलेलं असतं. या सरांनी शिस्तीवर चार मिनिटं भाषण दिलं आणि मग म्हणाले, “उशिरा आलेल्याला मी मैदानाबाहेर नाही काढत. त्याला चुना घेऊन पाट्या आखायला लावतो. आखता आखता मैदान पाठ होतं त्याचं.” चार मिनिटांतली ही तीन वाक्यं मी ठेवली.

लालवर कात्री चालवली की साधारण दोन हजार शब्द उरतात. तिथून बाराशेपर्यंत येताना संपूर्ण विषय गाळा. सगळ्या उत्तरांतून थोडं थोडं कापलंत तर प्रत्येक उत्तर अर्धवट वाटतं. मी आहार आणि शासकीय नोकरीतलं आरक्षण हे दोन्ही विषय पूर्ण सोडले, म्हणून पळणाऱ्याच्या संरक्षणाच्या तंत्रावर बोलायला जागा मिळाली.

४. कोचची वाक्यं मी किती बदलू शकते?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून एक उतारा पूर्ण दाखवते. रेकॉर्डिंगमध्ये हे असं आहे:

> [२३:१०] नाही म्हणजे काय होतं ना, आपला पोरगा बघतो पाय. पाय बघतो तो. पायात काय आहे? पाय तर… ए, वॉर्मअप झालं का तुमचं? दोन राउंड अजून! …हां. तर पाय नाही, खांदा बघ. खांदा फिरला, संपलं. तो काय परत येणार आहे का? नाही येऊ शकत तो. मग तू असा, इथून. हा असा निघ. हे मी ओरडून ओरडून सांगतो. तो एक होता, दोन वर्षांनी शिकला हे, मग एक चाळीस खेळायला लागला. आधी चाळीस सेकंदात घरी.

छापलं ते असं:

> पळणाऱ्याने नेमकं कशाकडे बघायचं?
>
> आपला पोरगा पाठलाग करणाऱ्याचे पाय बघतो. पाय नाही, खांदा बघ! खांदा फिरला, संपलं. तो परत येऊ शकत नाही. मग तू दोन बसलेल्यांच्या मधून पलीकडे निघ. हे मी ओरडून ओरडून सांगतो. एक मुलगा होता, दोन वर्षांनी शिकला हे. आधी चाळीस सेकंदांत घरी, मग १ मिनिट ४० सेकंद खेळायला लागला.

काय गेलं ते बघा. ‘म्हणजे काय होतं ना’ गेलं, दुसऱ्यांदा आलेलं ‘पाय’ गेलं, मुलांना मारलेली हाक गेली. शेवटच्या दोन तुकड्यांचा क्रम बदलला, कारण बोलताना सरांना नंतरचं आधी आठवलं होतं. ‘खांदा फिरला, संपलं’ आणि ‘चाळीस सेकंदांत घरी’ यांना मी हात लावला नाही. ‘जर पाठलाग करणाऱ्या आक्रमकाचा खांदा फिरला तर तो बाद करू शकत नाही’ असं शुद्ध वाक्य करता आलं असतं, पण मग सर त्यात उरले नसते.

पहिल्या मसुद्यात मी ‘शिकला’च्या जागी ‘उमजलं’ लिहिलं होतं. मला तो शब्द जास्त गोड वाटला. सरांना वाचून दाखवलं तेव्हा ते तिथेच थांबले आणि म्हणाले, “मॅडम, हा माझा शब्द नाही.” तेव्हापासून मी एक नियम पाळते: शब्द काढता येतो, दोन तुकडे जोडता येतात, पण त्या माणसाने न वापरलेला भारदस्त शब्द त्याच्या तोंडी घालायचा नाही. ‘आक्रमक’, ‘मैदान’ यांसारखं साधं नाम सर्वनामाच्या जागी टाकलं तर चालतं. क्रियापद आणि विशेषण त्यांचंच राहू दे.

५. सर सगळं हाताने दाखवतात आणि ‘असं’, ‘इथून’ एवढंच बोलतात. ते कसं लिहायचं?

कोचच्या मुलाखतीतली खरी अडचण ही आहे. लेखक किंवा गायक बोलतो तेव्हा सगळं आवाजात येतं. कोचचं निम्मं बोलणं त्याच्या अंगात असतं आणि रेकॉर्डिंगला ते दिसत नाही.

म्हणून वही जवळ ठेवा. सर उभे राहिले की वेळ टिपा आणि काय केलं ते एका ओळीत लिहा. माझ्या वहीत ‘२३ मि. – डावा खांदा फिरवला, दोन मुलांच्या मधून उजवीकडे’ असं होतं. प्रश्न ४ मधल्या उताऱ्यात ‘दोन बसलेल्यांच्या मधून पलीकडे’ हे शब्द त्या ओळीतून आले आणि सरांना वाचून दाखवूनच छापले. वही राहिली असेल तर लगेच तोंडी विचारा: “सर, म्हणजे दोघांच्या मधून का?” त्यांनी ‘हो’ म्हटलं की ते रेकॉर्डिंगवर आलं.

दुसरी गोष्ट, खेळाचा नियम माहीत नसेल तर हातवारे समजत नाहीत. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत जाईस्तोवर त्याला उलटं फिरता येत नाही, आणि बसलेल्यांच्या मधून पलीकडे जाण्याची मुभा पळणाऱ्याला असते, त्याला नसते. खांदा फिरला की दिशा ठरते. हे ठाऊक नसतं तर ‘खांदा फिरला, संपलं’ हे मी दुखापतीबद्दल समजले असते. हा नियम मी सरांच्या उत्तरात घुसवला नाही, बाजूला चार ओळींची चौकट करून दिला. मैदानावर कोणीही कोच आपल्या माणसाला नियम समजावत नाही. उत्तरात नियम आला की ते पाठ्यपुस्तकासारखं वाटायला लागतं.

६. माझे स्वतःचे प्रश्न लांबलचक झाले आहेत. ते बदलले तर चालेल का?

चालेल, आणि बदलाच. आपण बोलताना प्रश्नाआधी प्रस्तावना करतो, दोन प्रश्न एकात घालतो. छापताना प्रश्न एका ओळीत बसावा. पण बदललेल्या प्रश्नाने उत्तराचा अर्थ फिरता कामा नये. मी विचारलं होतं, “निवड समितीबद्दल काही बोलाल का?” आणि सर म्हणाले होते, “बोलून काय उपयोग?” हाच प्रश्न मी “निवड समिती पक्षपात करते का?” असा केला असता, तर त्याच तीन शब्दांचा आरोप झाला असता. बदललेला प्रश्न वाचा, मग उत्तर वाचा आणि स्वतःला विचारा: हा प्रश्न कानावर पडला असता तरी सरांनी हेच उत्तर दिलं असतं का? खात्री नसेल तर मूळ प्रश्नाच्या जवळ राहा.

७. उत्तरांचा क्रम बदलणं म्हणजे फसवणूक नाही का?

नाही. वाचकाला विषय उलगडत जाणं हवं असतं, घड्याळाचा क्रम नको असतो. मी सुरुवात ४१व्या मिनिटापासून केली. दोन ठिकाणी मात्र क्रम हलवू नका. सरांनी आधी एक म्हटलं आणि पुढे स्वतःच ते दुरुस्त केलं, तर दुरुस्त केलेलं घ्या. आणि एखाद्या प्रश्नावर ते चिडले असतील, तर तो राग त्याच प्रश्नाखाली राहू द्या.

८. ‘केले’ लिहायचं की ‘केलं’? आणि हिंदी-इंग्रजी मिसळलेलं बोलणं?

उत्तरांत ‘केलं’, ‘झालं’, ‘सांगितलं’. मराठी लेखननियमांनीही बोलण्याप्रमाणे लिहिताना हे रूप मान्य केलं आहे. प्रस्तावनेत आणि चौकटीत तुमच्या प्रकाशनाची जी पद्धत असेल ती ठेवा.

मिश्र भाषेबद्दल: ‘वॉर्मअप’, ‘चेझर’, ‘डाइव्ह’, ‘पोल’ हे मैदानावरचे शब्द आहेत. सर ‘डाइव्ह मार’ म्हणत असतील तर त्याचं ‘सूर मार’ करू नका. त्याच मुलाखतीत ते एकदा ‘सूर’ही म्हणाले असतील, तर तिथे ‘सूर’ राहू द्या. अख्खं हिंदी वाक्य आलं, ‘देखो, गेम में सब चलता है’ असं, तर मी ते तसंच ठेवते. ठाण्यात ते सगळ्यांना समजतं, आणि सर मराठीतून हिंदीत का गेले यातही काहीतरी असतं. बहुधा तो त्यांनी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेला संवाद असतो.

नवी मुंबईतल्या गावठाणांतले काही कोच आगरीत बोलतात. सगळं प्रमाण मराठीत आणलं तर माणूस हरवतो. प्रत्येक ‘पानी’ आणि ‘कोन’ जसाच्या तसा छापला तर वाचकाचं लक्ष उच्चाराकडे जातं आणि ते बोलणाऱ्यावर अन्याय करणारं होतं. मी सरळ विचारते, “दादा, तुमचं बोलणं कसं छापू?” एकाने सांगितलं, “घरच्या गोष्टी आमच्या भाषेत ठेव, खेळाचं साधं लिही.” इतकी चोख सूचना मला कोणत्याही संपादकाकडून मिळाली नव्हती.

९. आकडे आणि तारखा सरांनी सांगितल्या तशा छापू का?

पडताळल्याशिवाय नको. आधी बोलण्यातला आकडा म्हणजे काय ते ओळखा. प्रश्न ४ मधलं ‘एक चाळीस’ म्हणजे १ मिनिट ४० सेकंद. ते १.४० असं छापलं तर अनोळखी वाचक त्याला दशांश समजतो, आणि पावणेदोन मिनिटांच्या जवळची खेळी दीड मिनिटाच्याही आत जाते. सामन्याचं गुणपत्रक मिळालं तर त्यावरून वेळ जुळवून घ्या.

‘यंदा’, ‘गेल्या वर्षी’, ‘परवा’ हे शब्द रेकॉर्डिंगच्या दिवशी खरे असतात. मुलाखत डिसेंबरात झाली आणि अंक जानेवारीत आला, तर ‘यंदा दिल्लीला वर्ल्ड कप झाला’ हे वाक्य चुकतं. खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झाला आणि भारताचे पुरुष व महिला दोन्ही संघ जिंकले. तिथे महिना आणि वर्ष घाला. सरांनी वर्ष चुकीचं सांगितलं असेल तर फोन करून विचारा आणि दुरुस्त करा. साध्या विस्मरणाला चूक म्हणून कंसात दाखवू नका. मात्र वादाचा आकडा असेल, म्हणजे आपल्या किती मुली राज्य संघात गेल्या असा, तर पडताळणी होईपर्यंत तो वगळा.

१०. सरांनी एका मुलीचं नाव घेऊन तिच्या घरची परिस्थिती सांगितली. छापू का?

ती अठराच्या आतली असेल तर नाव नाही, शाळा नाही, आणि ओळख पटेल असा तपशीलही नाही. ठाण्यात ‘अमुक नगरातली रिक्षावाल्याची मुलगी, संघातली आक्रमक’ एवढ्यावर सगळ्या मैदानाला कळतं ती कोण. तिचा विजय, तिचं नाव, निकालात आलेले गुण हे जाहीर आहे, ते छापता येतं. पण घरची ओढाताण, दुखापत, वजन, पाळी, शाळेतलं अपयश हे तिचं आहे, सरांचं नाही. सरांनी ते चांगल्या मनाने सांगितलं असलं, तरी परवानगी आई-वडिलांची आणि तिचीही लागते.

मी एकदा यात कमी पडले. एका मुलाच्या गुडघ्याच्या दुखापतीचा उल्लेख कोचच्या उत्तरात तसाच राहिला. नाव नव्हतं, पण संघात त्या जागेवर खेळणारा तो एकटाच होता. निवड चाचणीच्या आठवड्यात त्याच्या आईचा फोन आला: “ताई, त्याला विचारलंत का?” विचारलं नव्हतं. तेव्हापासून शेवटच्या वाचनात मी फक्त हे एकच बघते: या मजकुरात मुलाखतीच्या वेळी समोर नसलेलं कोण आहे, आणि ते कोण हे ओळखता येतं का?

११. बोलून झाल्यावर सर म्हणाले, ‘हे छापू नका हं’. आता?

बोलण्याआधी ठरलं असेल तर प्रश्नच नाही, छापायचं नाही. बोलून झाल्यावर म्हणाले, तर कायद्याचा विचार करण्याआधी माणसाचा विचार करा. मैदानावरचा कोच काही मुरलेला राजकारणी नसतो. रेकॉर्डर चालू आहे हे तो दहा मिनिटांत विसरतो. सहकाऱ्यावरची टीका, घरगुती गोष्ट असेल तर मी सोडून देते. मुलांच्या सुरक्षिततेशी संबंध असेल, मारहाण, छळ, औषधं असं काही असेल, तर ते प्रश्नोत्तरांच्या लेखात बसतच नाही. ती वेगळी बातमी आहे, संपादकाशी बोलून वेगळी पडताळणी करून करायची. तोवर लेख थांबवा.

१२. छापण्याआधी सरांना दाखवायचं का? त्यांनी सगळं बदलून पाठवलं तर?

मी पूर्ण लेख पाठवत नाही, फोनवर वाचून दाखवते. पाठवला की घरातले, क्लबचे सचिव, जुने खेळाडू सगळे त्यात हात घालतात आणि सर सभेत बोलल्यासारखे होऊन परत येतात. वाचून दाखवलं की ते कानाने ऐकतात आणि खटकलं तिथेच थांबवतात, ‘उमजलं’पाशी थांबवलं तसं. वाचायच्या आधी सांगून टाका की तंत्र, आकडे, नावं यांतली चूक सुधारू, मत बदलायचं असेल तर कारण सांगा.

संस्थेने पूर्ण मजकूर मागितलाच, तर सुधारित प्रत रेकॉर्डिंगशी ताडून बघा. ‘अध्यक्षांच्या मार्गदर्शनाखाली’ असं काही नव्याने आलं असेल तर ते सरांनी म्हटलेलं नाही, एवढं नम्रपणे कळवा आणि काढा.

१३. मुलाखत दोनदा झाली. दोन्ही एकात जोडू का?

जोडा, पण प्रस्तावनेत ‘दोन भेटींत झालेल्या गप्पांतून’ असं लिहा. दोन भेटींमध्ये महत्त्वाचा सामना झाला असेल तर मात्र जोडू नका. हरण्याआधीचं आणि हरल्यानंतरचं बोलणं एकाच उत्तरात आलं की सर गोंधळलेले वाटतात. तारखा देऊन दोन भाग करा.

१४. मुलाखतीत मध्येच सहायक कोच बोलायला लागल्या. त्यांचं बोलणं कोणाच्या नावावर?

त्यांच्याच नावावर. बऱ्याच लेखांत हे दुसरं बोलणं मुख्य कोचच्या उत्तरात विरघळवतात, आणि विरघळणारी व्यक्ती बहुतेक वेळा बाई असते. माझ्या मुलाखतीत ३७व्या मिनिटाला सर म्हणाले, “मुली खांबावर वळताना हात सोडतात.” शेजारी उभ्या असलेल्या ताई म्हणाल्या, “सोडत नाहीत सर, खांब घामाने निसरडा होतो. मी पुसायला फडकं ठेवलंय.” सर हसले आणि म्हणाले, “हो, ते यांच्या लक्षात आलं.” मी हे तिन्ही संवाद तसेच ठेवले. ताईंच्या ओळीआधी त्यांचं नाव ठळक अक्षरात टाकलं आणि प्रस्तावनेत एका वाक्यात त्यांची ओळख दिली. त्यासाठी वाचून दाखवायचा फोन त्यांनाही वेगळा केला.